किनवटच्या चकतीचं अपडेट: एक रिंग जास्त होती आणि ती सापडली

गेल्या वेळी जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करतो, म्हणजे किनवटजवळच्या बांधावरचा साग, फेब्रुवारी 2020 मध्ये रीतसर परवानगी घेऊन तोडलेला, त्याच्या खोडाची आडवी कापलेली चकती, छातीइतक्या उंचीवरची आणि सालीसकट, आणि तिच्या रिंगा मोजून झाडाचं वय काढायचं. साल आहे म्हणून तर हिच्यावर एवढा जीव. साग उन्हाळ्यात पानं टाकून बसतो आणि पावसाळ्यात वाढतो, दर वर्षी लाकडाची एक रिंग घालतो, म्हणजे फेब्रुवारीत तोडलेल्या झाडाची सालीला चिकटलेली रिंग 2019 च्या पावसाळ्याचीच असणार, तिथून आत मोजत जायचं.

प्रॉब्लेम तोच जुना. चकतीवर सालीपासून मध्यापर्यंत तीन रेघा आखून मोजलं तर अ रेघेवर 72 रिंगा आणि क रेघेवर 71. (ब रेघ चिरेवरून जाते, ती सध्या सोडलीय.) एकाच झाडाची दोन वयं, डोक्याला शॉट.

सालीकडून पाचवी आणि सहावी रिंग, म्हणजे 2015 आणि 2014, दोन्ही रेघांवर बारीक आहेत. मराठवाड्यातली ती लागोपाठची दोन कोरडी वर्षं आठवत असतीलच. म्हणजे बाहेरून सुरुवात पक्की. मग बहात्तरचा दुष्काळ शोधायला गेलो. हिशोबाने 1972 ही 48 वी रिंग यायला हवी. क वर 48 वी खरंच सगळ्यात बारीक आहे आणि 49 वी पण जरा आवळलेलीच. अ वर मात्र तीच जोडी 49 आणि 50 वर बसलीय. सहावीपर्यंत बरोबर चाललेली अ रेघ मध्येच कुठेतरी एका वर्षाने घसरली.

आता तुमच्यापैकी अर्धे म्हणतील की सोपं आहे, क बरोबर, अ मध्ये एक खोटी रिंग. पण थांबा, हे मी 1972 कुठे यायला हवं ते आधीच ठरवून म्हणतोय. दुष्काळ वापरून रिंगा मोजायच्या आणि मग त्याच रिंगा दाखवून म्हणायचं की बघा इथे दुष्काळ दिसतो, हे गोल गोल फिरणं झालं. उलटंही असू शकतं ना, अ वर सगळी वर्षं आहेत आणि क च्या बाजूला एका वर्षी झाडाने लाकूडच घातलं नाही. सागाचं खोड बुंध्याकडे खाचाखाचांचं असतं, अशा खाचेत रिंगा चिकटून जातात आणि एखादी गायबच होते. म्हणून ठरवलं की दुष्काळ बाजूला ठेवायचा आणि फक्त लाकूड काय म्हणतं ते बघायचं.

आधी जागा शोधली. दर दहाव्या रिंगेवर टाचणी लावून तीच रिंग बोटाने चकतीभर फिरवत अ वरून क वर न्यायची. विसावी विसावीला जुळली. अ ची तिसावी मात्र क च्या एकोणतिसावीवर जाऊन पोचली. मग पंचविसावी बघितली, जुळली. म्हणजे गडबड मधल्या चार-पाच रिंगांत, आणि शेवटी सापडलं की अ वरची 26 आणि 27 मिळून क वरची एकच 26 वी होते.

खरी मजा यापुढे. पृष्ठभाग आरशासारखा हवा नाहीतर काही दिसत नाही आणि सागाचं तेल पॉलिश पेपर लगेच चिकट करतं, लाकडात वाळूसारखा दगडी अंश असल्याने ब्लेडची धारही जाते. 80 नंबरच्या पेपरपासून 120, 220, 320, 400 आणि शेवटी 800. स्वस्तातला पेपर अजिबात घेऊ नका, त्याचे दाणे सुटून ओरखडे पडतात आणि ते ओरखडे रिंगांसारखे दिसतात. (मशीन मी फक्त दुपारी चालवतो, सोसायटीत आधीच माझ्या नावाने ओरड आहे. आणि मास्क लावा, सागाची धूळ नाकाला झोंबते.) मग खडूची पावडर चोळून पुसून टाकली. ती छिद्रांत बसते आणि मोठी छिद्रं पांढऱ्या ठिपक्यांसारखी उठून दिसतात. दहापट भिंग पुरतं.

सागात खरी रिंग सुरू होताना मोठ्या छिद्रांची रांग एकदम येते, सोबत मऊ पेशींचा फिकट पट्टा, आणि तिच्या आत मागच्या वर्षाचं घट्ट लाकूड संपल्याची सरळ कडा असते. मोठ्यावरून लहान छिद्रांकडे जाणं हळूहळू, पण लहानावरून मोठ्याकडे एकदम. पाऊस मध्येच दडी मारतो तेव्हा झाड घट्ट लाकूड घालू लागतं आणि पाऊस परतला की पुन्हा सैल घालतं. तेव्हा गडद पट्टी तयार होते पण तिची दोन्ही टोकं विरघळलेली, पुढे छिद्रं मध्यम आकाराची आणि फिकट पट्टा नाही.

अ वर 26 आणि 27 च्या मधली रेघ अगदी अशीच! पण एवढ्यावर मी मानत नव्हतो, कारण भिंगाखाली आपल्याला जे हवं तेच दिसतं. म्हणून ती रेघ क च्या दिशेने कुठे संपते ते बघत गेलो. रिंग खरी असून क वर गायब होत असती, तर दोन कडा जवळ जवळ येऊन मधलं लाकूड निमुळतं होत शून्य झालं असतं. इथे तसं काहीच नाही. रेघ शेजारच्या कडेकडे वळतच नाही, रिंगेच्या मधोमध चालत चालत फिकी होते आणि संपते, आणि ती संपल्यावरही रिंगेची एकूण जाडी तेवढीच राहते. एका वर्षाच्या लाकडात उमटलेली अर्धवट पट्टी. अ वर 71 च. आणि हे 1972 चं नाव न घेता ठरलं, त्यानंतर बहात्तर दोन्ही रेघांवर 48 ला येऊन बसला, त्या दिवशी मी घरी सगळ्यांना चकती दाखवली, कोणालाच काही फरक पडला नाही.

म्हणजे मधली पहिली रिंग 1949 ची. झाड त्याहून थोडं मोठं, कारण छातीइतकं वाढायला त्याला आधीची वर्षं लागली असणार.

आता ती खोटी पट्टी 1994 ची ठरते आणि 1994 ला देशभर पाऊस चांगला झाला होता. एकूण पाऊस चांगला असूनही मध्ये मोठी उघडीप असू शकते हे मान्य, पण लिहिता लिहिता दुसरं सुचतंय, सागाची पानं खाणारी अळी. ती भर पावसाळ्यात झाड ओकंबोकं करते, मग पुन्हा पालवी फुटते, आणि त्यानेही अशी खोटी रिंग बनते. लाकडावरून यातलं कोणतं ते कळत नाही. त्याच गावचं दुसरं झाड हवं. अळी असेल तर कदाचित आसपासच्या सगळ्या सागांवर पट्टी, पण बाभळीवर नाही. बाभळीच्या रिंगा वाचणं म्हणजे मात्र वेगळीच शिक्षा आहे, त्यामुळे आधी सागच.

या नादात गिरगावच्या पाडलेल्या चाळीच्या सागवानी तुळईचं वय काढायचं काम मागे पडलंय. रे रोडला लाकूडवाले सगळंच बर्मा साग म्हणून विकतात, त्यावर विश्वास ठेवू नका. त्यात ती तुळई चौकोनी तासलेली, साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड गेलेलं, म्हणजे शेवटची रिंग कळली तरी झाड तोडलं त्यानंतर कधीतरी एवढंच म्हणता येईल. आणि वर्षवार जुळवलेल्या रिंगांची माझी साखळी मागे 1949 ला संपते, चाळ त्याच्या कितीतरी आधीची, दोन्हीत एकही वर्ष सामाईक नाही. रिंगांवरून काळ काढायची पद्धत बसवणाऱ्या डग्लसलाही ॲरिझोनात जुन्या घरांची लाकडं आणि जिवंत झाडं यांच्यातली फट भरणारा एक जळका ओंडका 1929 मध्ये मिळाला तेव्हा कुठे साखळी जुळली होती.

तर आता प्लॅन बदलतोय. तुळई बाजूला, आधी मराठवाड्यातलाच जुना साग शोधतोय, वाड्यातला खांब चालेल पण एका कोपऱ्याला तरी साल शिल्लक हवी. कोणाकडे वाडा उतरवायचं काम चालू असेल तर सरपणात जायच्या आधी कळवा, टेम्पोचं भाडं मी देतो.