लंगडी चांदणी

फोनवर पलीकडून कुणी लांबण लावली की माझ्या हातून कागदाच्या कडेला चांदण्या उतरू लागतात. पेन न उचलता पाच रेघांत संपणारी चांदणी. पहिल्या चार रेघा झोकात जातात आणि पाचवी सुरुवातीच्या टोकाला पोचता पोचता वाकडी होते. माझ्या प्रत्येक चांदणीचा एक पाय लंगडा. एकदा फोन ठेवल्यावर वाटलं, बघू या तरी, नीट काढली तर कशी दिसते.

नीट काढायची म्हणजे आधी सुसम पंचकोन हवा, कारण चांदणीच्या पाच रेघा म्हणजे त्याचे पाच कर्ण. आणि पंचकोन हे प्रकरण षट्कोनासारखं गरीब नाही. षट्कोनाला वर्तुळाची त्रिज्याच बरोबर सहा वेळा बसते. कंपासचं तोंड न हलवता परिघावर फिरत जा, काम झालं. पंचकोनाची बाजू मात्र वर्तुळात आयती कुठेच सापडत नाही, ती शोधावी लागते.

शोधायची रीत जुनी आहे. टॉलेमीने ती आपल्या खगोलशास्त्राच्या ग्रंथात दिली आहे. मी ६ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं, त्यात एक आडवा आणि एक उभा व्यास. उभ्या व्यासाच्या वरच्या टोकाला अ म्हटलं. केंद्राच्या उजवीकडच्या त्रिज्येचा मध्य काढला, तो म. कंपासचं टोक म वर, पेन्सिल अ वर, आणि तिथून कंस खाली डावीकडे उतरवला. तो आडव्या व्यासाला जिथे भेटला तो बिंदू न. आता अ पासून न पर्यंतचं अंतर हीच पंचकोनाची बाजू. माझ्या वर्तुळात ती ७.०५ सेंमी येते.

इथे थांबून त्या लहानशा काटकोन त्रिकोणाकडे पाहावं. केंद्र, अ आणि न. त्याची उभी बाजू ६ सेंमी, म्हणजे याच वर्तुळात बसणाऱ्या षट्कोनाची बाजू. आडवी बाजू ३.७१ सेंमी, आणि ती निघते याच वर्तुळातल्या दशकोनाची बाजू. कर्ण ही पंचकोनाची. षट्कोन, दशकोन आणि पंचकोन एकाच काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंवर येऊन बसलेले! युक्लिडच्या तेराव्या पुस्तकात हे सिद्ध केलेलं आहे. मला तर ही भेट सुवर्ण गुणोत्तराहूनही जास्त अनपेक्षित वाटते.

बाजू मिळाली म्हणून मी ऐटीत अ पासून परिघावर खुणा करत निघालो. पाचवी खूण अ वर पडायला हवी होती. ती अ च्या अलीकडेच पडली, चांगली तीन मिलिमीटर. पट्टीवर कंपास तपासला, तर तोंड ७ सेंमीच उघडलेलं. अर्ध्या मिलिमीटरची चूक पाच पावलांत फार तर अडीच मिलिमीटर व्हावी, असं वाटतं. पण आपण मोजतो सरळ जीवा आणि चालतो गोल परिघावर. जीवेतली लहान चूक परिघावर दर पावलाला साधारण १.२४ पट होऊन उतरते, आणि पाच पावलांनंतर सुमारे ६.१८ पट. उपाय मात्र सोपा: शेवटी जी फट उरेल तिच्या सहाव्या भागाएवढं कंपासचं तोंड आणखी उघडायचं आणि पुन्हा फिरायचं. दुसऱ्या फेरीत माझी पाचवी खूण अ वर पडली. तो ६.१८ आकडा ज्यांना ओळखीचा वाटला असेल त्यांनी जरा दम धरावा, तो योगायोग नाही.

मग पाच बिंदू अ, ब, क, ड, इ ओळीने जोडले आणि एक सोडून एक जोडत पाच कर्ण ओढले. लंगडणारा पाय गेला. एक कर्ण मोजला तर ११.४ सेंमी भरला. त्याला बाजूने भागलं की १.६२ च्या आसपास, म्हणजे तेच सुवर्ण गुणोत्तर.

सुवर्ण गुणोत्तराच्या नावाने एरवी मी जरा सावध होतो. इमारतींवर, चेहऱ्यांवर, शंखांवर पट्टी ठेवून कुणीतरी १.६ काढून दाखवतो. पट्टी कुठून कुठे ठेवायची हे त्याच्याच हातात असतं. नावातलं सोनंही मागाहून चढलेलं आहे, युक्लिड त्याला तसं काही म्हणत नाही. छापील मजकुरात 'सुवर्ण' हा शब्द मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या १८३५ च्या पुस्तकात येतो. पण पंचकोनात पट्टीची गरजच नाही. नुसतं बघून कळतं.

अ ते क हा कर्ण घ्या आणि ब ते ड हा दुसरा. ते जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू प. सुसम पंचकोनात प्रत्येक कर्ण समोरच्या बाजूला समांतर असतो: अक हा इड ला, आणि बड हा अइ ला. म्हणजे अ, प, ड, इ हा समांतरभुज चौकोन झाला, आणि त्याच्या अइ व इड या लगतच्या बाजू सारख्या असल्यामुळे समभुजही. म्हणून अ ते प हे अंतर बरोबर बाजूइतकं. कर्णातून बाजू वजा केली की उरला तुकडा प ते क.

आता प, ब, क हा चपटा त्रिकोण बघा. त्याचे कोन ३६, ३६ आणि १०८ अंश. अ, ब, क या मोठ्या त्रिकोणाचेही तेच. दोन्ही समरूप, म्हणून उरलेल्या तुकड्याचं बाजूशी जे नातं, तेच बाजूचं कर्णाशी. बाजू १ धरली तर कर्णाचा वर्ग म्हणजे कर्ण अधिक १, आणि अशी धन संख्या एकच: ५ च्या वर्गमुळात १ मिळवून केलेलं निम्मं, १.६१८ आणि पुढे न संपणारं. आता रचनेतला म त्रिज्येच्या मध्यावरच का, हेही उलगडतं. एक आणि अर्धा अशा बाजूंचा काटकोन त्रिकोण केला की कर्णात ५ चं वर्गमूळ आपोआप येतं. माझी ती सहापट चूकसुद्धा याच घरातली, १० ला १.६१८ ने भागलं की ६.१८.

कर्णावर दोन छेदनबिंदू पडतात आणि त्याचे तीन तुकडे होतात: ४.३६, २.६९, ४.३६. मधला तुकडा ही चांदणीच्या पोटात तयार झालेल्या उलट्या पंचकोनाची बाजू, आणि कडेचा तुकडा त्याच्या कर्णाएवढा. म्हणजे मोठ्या कर्णातून मोठी बाजू वजा केली की धाकट्याचा कर्ण हाती येतो, मोठ्या बाजूतून तो वजा केला की धाकट्याची बाजू, आणि वजाबाकी तिथून पुन्हा पहिल्यासारखी सुरू. कर्ण आणि बाजू या दोघांनाही पूर्ण मापेल असं एखादं बारीक माप असतं, तर ते या उतरंडीतल्या प्रत्येक पंचकोनालाही मापत गेलं असतं, आणि पंचकोन तर त्या मापाहूनही लहान होत जातात. तेव्हा असं माप नाहीच. अपरिमेय संख्यांचा सुगावा ग्रीकांना प्रथम याच आकृतीत लागला असावा, असा तर्क ग्रीक विद्येचे अभ्यासक कुर्ट फॉन फ्रिट्झ यांनी १९४५ मध्ये मांडला होता.

कागदावर मात्र उतरंड संपते. आतल्या पंचकोनात मी पुन्हा चांदणी काढली, तिच्या पोटात पुन्हा. बाजू २७ मिलिमीटर, मग १०, मग ४, मग दीड. पाचव्या वेळी ती अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ आली, म्हणजे माझ्या पेन्सिलच्या रेघेएवढी, आणि तिथे एक काळा ठिपका झाला. इतक्यात फोन पुन्हा वाजला.