सस्पेंड झालेलं अकाउंट दुसऱ्या अपीलमध्ये परत मिळालं, माझा अनुभव

मी घरून सबटायटलचं काम करते, चार वर्षं एकाच फ्रीलान्स साइटवर. मार्चमध्ये सकाळी लॉगिन करायला गेले तर अकाउंट सस्पेंड, आणि मेलमध्ये एवढंच की नियमांचं उल्लंघन झालंय, कुठला नियम ते काहीच नाही. दोन ऑर्डर चालू होत्या, साडेअकरा हजार रुपये आत अडकलेले, हातपाय गार पडले माझे.

तशाच अवस्थेत पहिलं अपील लिहिलं. मी किती प्रामाणिक आहे, घर यावर चालतं, रेटिंग बघा, असं पानभर. दोन दिवसांत छापील उत्तर आलं, निर्णय कायम. आता वाटतं त्यात समोरच्याला तपासून बघता येईल असं काही नव्हतंच.

मैत्रीण म्हणाली, "अगं दुसरं अकाउंट काढ ना सरळ." नाही काढलं ते बरं झालं, कारण माझ्यावर संशय नेमका तोच होता. आधीचे आठ दिवस आठवले तेव्हा लक्षात आलं, धाकट्या भावाने माझ्याच लॅपटॉपवरून त्याचं नवीन अकाउंट उघडलं होतं आणि त्याचं बँक खातं बंद पडलेलं म्हणून पैसे काढायला माझा खाते नंबर टाकला होता. एका घरात एक वायफाय असतंच, पण लॅपटॉप तोच आणि बँक खातंही तेच म्हटल्यावर सिस्टिमला एकाच माणसाची दोन अकाउंट दिसणार.

दुसरं अपील पहिल्या अपीलच्याच सपोर्ट तिकिटावर टाकलं, नवीन तिकीट नाही. इंग्रजीत होतं, दहा-बारा ओळी, मतलब असा:

"माझ्या लॅपटॉपवरून 11 मार्चला माझ्या भावाने स्वतःचं अकाउंट उघडलं आणि त्यात माझं बँक खातं जोडलं. आम्ही दोन वेगळ्या व्यक्ती आहोत, दोघांची ओळखपत्रं सोबत आहेत. त्याने 19 मार्चला तुमच्या सपोर्टला मेल करून माझं बँक खातं त्याच्या अकाउंटमधून काढून टाकायला सांगितलंय, तो मेल जोडलाय. यापुढे तो माझा लॅपटॉप वापरणार नाही. कृपया माझं अकाउंट पुन्हा तपासावं."

रेटिंगचा, घरखर्चाचा शब्द नाही. जे घडलं ते तारखेसकट कबूल केलं, माहीत नव्हतं वगैरे म्हटलं नाही, आणि प्रत्येक वाक्याला कागद जोडला. ओळखपत्राचा फोटो चारही कोपरे दिसतील असा काढला आणि प्रोफाइलवरचं नाव त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना ते बघितलं, माझ्या पॅनवर मधलं नाव आहे आणि प्रोफाइलवर नव्हतं, तेही एका ओळीत सांगून टाकलं. रोज विचारणा करायचा मोह आवरला.

सहाव्या दिवशी अकाउंट सुरू झालं, पैसेही सुटले. एक ऑर्डर मात्र तोवर रद्द झाली होती, म्हणून पहिला मेसेज त्या क्लायंटलाच केला.