पाचवी ओळ

मागच्या महिन्यात भाचीने व्हॉट्सअपवर एका पानाचा फोटो पाठवला, केशवसुतांची 'तुतारी', आणि खाली मेसेज, मामा मध्यवर्ती कल्पना, अलंकार, यमक, उद्या द्यायचंय, चेक कर ना. उत्तरं तिने लिहिली होती. यमकात लिहिलेलं, 'खोदा, नोंदा, मेदा. पहिल्या ओळीला यमक नाही.'

ते वाचलं आणि मला थेट आपल्या शाळेतला आठवीचा वर्ग दिसला. मराठीच्या बाई कविता शिकवताना फळ्यावर ओळींचे फक्त शेवटचे शब्द एकाखाली एक लिहायच्या आणि जुळणारे खडूच्या रेघेने जोडायच्या. याच कडव्याचे शब्द होते भूधर, खोदा, नोंदा, मेदा, तर. मधले तीन एकत्र, आणि वरच्या भूधरपासून खालच्या तरपर्यंत एक लांब रेघ, तिघांना बाहेरून वळसा घालून. म्हणजे अ-ब-ब-ब-अ. बाई म्हणायच्या, पहिल्या ओळीचा आवाज तीन ओळी लटकत राहतो, पाचवीत सापडतो, म्हणून ती पाचवी जोरात वाचायची. 'विक्रम काही करा, चला तर!' आम्ही बाक वाजवून वाचायचो.

भाचीच्या फोटोत ही पाचवी ओळ नव्हतीच, पान धरलेल्या अंगठ्याखाली गेलेली. मी तिला म्हटलं याच्या आधीचं कडवं बघ, टाका, ठाका, हाका, आणि वर 'मरणालागुनि', खाली 'भिडवुनि'. एका कडव्यात शंका आली की शेजारचं कडवं तपासायचं, हेही बाईंचंच.

अलंकार तिने उपमा लिहिला होता. 'प्राप्तकाल हा विशाल भूधर' मध्ये सम, जसा, सारखा असं काही आहे का, शोध म्हटलं. नाही. आत्ताचा काळ डोंगरासारखा नाही, डोंगरच आहे, म्हणून रूपक. पण नुसतं नाव लिहिलं की रसग्रहण झालं असं नाही हं, पुढच्या ओळीत त्याच डोंगरात सुंदर लेणी खोदायची आहेत, मग त्यावर आपली नावं नोंदायची आहेत, म्हणजे कवीने पहिल्या ओळीतला डोंगर सोडलेला नाही, आणि खोदायचं म्हणजे कष्ट आले, ते कष्ट उत्तरात यायला हवेत.

मध्यवर्ती कल्पनेत 'तुतारीचं वर्णन' असं होतं. तुतारी हा विषय झाला. कविता 1893 ची, कवीला ती तुतारी वाजवून जुन्या रूढीत सडत पडलेल्या समाजाला उठवायचंय, ही कल्पना. बाई दोन्हीसाठी वहीत वेगळे रकाने आखून घ्यायच्या, विषय एका शब्दात आणि कल्पना पूर्ण वाक्यात, वाक्य झालं नाही तर वही परत.

रात्री साडेदहाला भाचीचा दुसरा फोटो आला, या वेळी पान टेबलावर सपाट ठेवून काढलेला, पाचही ओळी दिसत होत्या आणि भूधरपासून तरपर्यंत तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती.