‘तू’चे ‘तुम्ही’ झाले तेव्हा

आमच्या डिझाइन विभागाचे प्रमुख मला सहा वर्षे ‘तू’ म्हणत होते. एका सोमवारी सकाळी मी माझ्या टेबलावर पोचते न पोचते तोच ते समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “तुमची टेस्टिंगला बदली होते आहे असं कळलं. अभिनंदन.” मराठी घरात वाढलेल्या माणसाला त्या ‘तुमची’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांना मात्र त्यांनी माझे मनापासून अभिनंदन केले असेच वाटले असावे, कारण आमच्या विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो.

वडोदऱ्यातील मकरपुरा भागात आमचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना आहे. साहेब दांडिया बाजारातले, गायकवाडांच्या काळापासून तेथे राहणाऱ्या घराण्यातले. कलाभवनातून अभियंता झालेले, आणि मीही तिथलीच, त्यामुळे मुलाखतीच्या दिवशीच त्यांनी मला आपल्या हाताखाली घेतले. शिकवण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. संगणकाने काढलेले उत्तर ते पाहत नसत. आधी कागदावर अंदाज मांडायला लावत आणि दोन्हींत फरक पडला की तो का पडला हे सांगितल्याशिवाय जागेवरून उठू देत नसत. माझ्या प्रत्येक हिशेबाच्या समासात त्यांची पेन्सिल फिरलेली असे. बहुतेक वेळा एखादाच शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह, एवढेच.

टेस्टिंगला जावेसे मला का वाटले, याचे उत्तरही त्यांच्याच शिकवणीत आहे. डिझाइनमध्ये बसून मी वाइंडिंगचे, म्हणजे आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांचे, तापमान किती चढेल ते काढत असे, पण ते प्रत्यक्षात चढताना पाहायला मिळे ते वर्षातून दोन-तीनदा. टेस्टिंगमध्ये एक वरिष्ठ जागा रिकामी झाली तेव्हा मी अर्ज केला. आमच्याकडचा नियम असा होता की निवड होईपर्यंत अर्ज गोपनीय राहतो, आणि निवड झाल्यावर एचआर विभागप्रमुखाला ‘यांना कधी मोकळे करता’ असे विचारतो. हा नियम अर्जदाराच्या संरक्षणासाठी आहे आणि तो योग्यही आहे. मात्र त्याच्या आड लपणे फार सोपे जाते, हे मला तेव्हा कळले नाही.

निवड झाल्याचे मला शुक्रवारी समजले. शनिवारी साहेबांच्या घरी गणपतीचे जेवण होते आणि दरवर्षीप्रमाणे मला बोलावणे होते. आज सांगायचेच, असे ठरवून मी गेले. पाहुण्यांची वर्दळ होती, काकूंनी आग्रहाने दोन मोदक जास्तीचे वाढले, आणि निघताना साहेब दारापर्यंत पोचवायला आले. तेथे आम्ही दोघेच होतो आणि निदान पाच मिनिटे उभे होतो. मी पुढच्या आठवड्यातल्या एका नकाशाविषयी बोलले आणि निघाले. सोमवारी मी कारखान्यात पोचण्यापूर्वीच एचआरचे पत्र त्यांच्यापर्यंत पोचले होते.

“घरी येऊन जेवून गेलात,” त्याच दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, “तेव्हा बोलता आलं असतं.” याखेरीज त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही.

दुसरी गोष्ट मला महिन्याभराने, तीही तिसऱ्याच माणसाकडून कळली. साहेबांच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरले होते आणि आपल्यामागे विभाग कोणाकडे द्यावा, असे व्यवस्थापनाने विचारल्यावर त्यांनी माझे नाव दिले होते. माझ्या अर्जाच्याही दोन महिने आधी. मला त्यांनी ते सांगितले नव्हते, कारण पक्के होईपर्यंत बोलू नये हा त्यांचा स्वभाव. म्हणजे दोघांनीही एकमेकांविषयी एक-एक निर्णय घेऊन तो मनात ठेवला होता. त्यांना वरच्यांपुढे आपला शब्द मागे घ्यावा लागला आणि तोही कारण न सांगता, कारण कारण त्यांनाच ठाऊक नव्हते. त्यांच्या रागाचा मोठा भाग हा असावा, असे मला आज वाटते. मी विभाग सोडला यापेक्षा, माझ्याविषयी त्यांनी चारचौघांत दिलेली ग्वाही खोटी ठरली, हे त्यांना अधिक लागले.

पुढचे सगळे नियमात बसणारे होते, म्हणूनच त्याविषयी तक्रार करता येत नव्हती. मोकळे करायची तीस दिवसांची मुदत वाढत वाढत अडीच महिन्यांवर गेली. सुपूर्द करायच्या कामांची यादी एक्केचाळीस बाबींची निघाली आणि प्रत्येक बाबीपुढे माझी सही मागितली गेली. टेस्टिंगला गेल्यावर मी काही विचारले की पूर्वी जे उत्तर जिन्यात उभ्या उभ्या मिळायचे ते आता मेलवर, तीन जणांना प्रत जोडून आणि दोन दिवसांनी मिळू लागले. उत्तर मात्र कधी चुकीचे किंवा अपुरे नसे. आकड्यांच्या बाबतीत त्यांनी माझ्याशी कधीही अप्रामाणिकपणा केला नाही. तसा केला असता तर मला त्यांच्यावर रागावणे सोपे गेले असते.

मग मे महिन्यातली ती रात्र आली. ६६/११ केव्हीचा, २० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हीट रनवर होता. डिझाइन साहेबांचे होते. या चाचणीत ट्रान्सफॉर्मरला त्याच्या एकूण हानीइतकी, म्हणजे चालताना उष्णतेच्या रूपात वाया जाते तेवढी, वीज तासन् तास देऊन तेलाचे तापमान स्थिर होईपर्यंत तापवतात, त्यानंतर तासभर नेमका पूर्ण भाराचा प्रवाह देतात आणि मग पुरवठा तोडतात. वाइंडिंगच्या आत तापमापक घालता येत नाही, पण तापले की तांब्याचा रोध वाढतो, म्हणून तो मोजून त्यावरून तापमान काढतात. पण पुरवठा तोडून, जोडण्या बदलून पहिले वाचन मिळेपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात आणि तेवढ्यात वाइंडिंग निवू लागते. त्यामुळे पुढची वीस मिनिटे वाचने घेत राहून त्यांच्या आलेखाची रेषा मागे, पुरवठा तोडल्याच्या क्षणापर्यंत न्यावी लागते. रोधात हजारात तीन एवढी जरी चूक झाली तरी तापमान एका अंशाने चुकते. हे वाक्य मला साहेबांनीच सहा वर्षांपूर्वी पाठ करायला लावले होते.

खरेदीदाराच्या अटीप्रमाणे वाइंडिंगची सरासरी तापमानवाढ, म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा ते जितके जास्त तापते ती, ५५ अंशांच्या आत हवी होती. पुरवठा तोडला त्या क्षणी वाइंडिंग ८९ अंशांवर असल्याचे रोधावरून निघाले, आणि तेव्हा तेलाचे सरासरी तापमान ७१ होते. दोन्हींतला फरक, ज्याला आम्ही ग्रेडियंट म्हणतो, तो १८ भरला. डिझाइनच्या हिशेबात तो १६.४ होता. त्यात एकूण हानीच्या वेळची तेलाची सरासरी वाढ, म्हणजे ३८.२, मिळवली की बेरीज ५६.२ येते. तेल मर्यादेत होते, वाइंडिंग १.२ अंशांनी बाहेर.

खरेदीदाराचे निरीक्षक शेजारी बसले होते. नियमाप्रमाणे डिझाइन विभागाला कळवायला हवे होते, म्हणून मी रात्री सव्वादोनला साहेबांना फोन केला. ते पाऊण तासात स्कूटरवरून आले. कागद हातात न घेताच ते निरीक्षकांसमोर इंग्रजीत म्हणाले, सुरुवातीच्या वाचनांवर विसंबून काढलेला निकाल आपल्याला मान्य नाही, मोजणाऱ्याला एवढे कळायला हवे. मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात, “तुम्हाला हे सिद्धच करायचं होतं का?”

त्यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या अगदी खरा होता. रोध मोजण्यासाठी सोडलेला प्रवाह वाइंडिंगमध्ये लगेच स्थिरावत नाही, आणि तो वाढत असेपर्यंत घेतलेली वाचने खऱ्यापेक्षा जास्त रोध दाखवतात. ती धरली तर तापमान फुगून येते. मी काही न बोलता वाचनांचा तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. पहिल्या दोन वाचनांवर एकेक आडवी रेघ होती आणि समासात ‘प्रवाह अस्थिर’ असे लिहून माझी सही होती. ती दोन वाचने धरली असती तर निकाल ५७.५ आला असता.

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि खिशातून पेन्सिल काढून सगळा हिशेब पहिल्यापासून तपासला. वीस मिनिटे लागली. निरीक्षक चहा पिऊन आले. शेवटी साहेबांनी कागदावर सही केली आणि निरीक्षकांना सांगितले की मापन बरोबर आहे, ग्रेडियंट आमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाला आहे, उपाय आम्ही करू. आधीचे विधान मागे घेतो, असेही ते त्यांच्यासमोर इंग्रजीत स्पष्टपणे म्हणाले. मला मात्र त्यांनी काही म्हटले नाही.

उपाय सरळ होता. ग्रेडियंट वाइंडिंगच्या बांधणीतून येतो, त्यामुळे टाकीतून गाभा बाहेर काढल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. पण रेडिएटरवर आणखी दोन पंखे बसवून तेल थंड केले की त्याच्या आधाराने वाइंडिंगही खाली येते. खरेदीदाराची संमती घेऊन आठवड्याने पुन्हा चाचणी केली. ग्रेडियंट तेवढाच राहिला, तेलाची सरासरी वाढ ३६.४ वर आली आणि बेरीज ५४.४ झाली. ग्रेडियंटचा हिशेब का चुकला, याचा शोध डिझाइन विभागाने नंतर स्वतंत्रपणे घेतला. त्या बैठकीला मला बोलावणे नव्हते.

मी त्यांची माफी मागितली का, असे काकूंनी मला पुढे एकदा विचारले. मागितली होती, सोमवारच्या त्या ‘तुमची’नंतर चौथ्या दिवशी, आणि चुकीच्या गोष्टीची. ‘बदली घेतली त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका’ असे मी म्हणाले होते. बदलीबद्दल माफी मागायचे काहीच कारण नव्हते, आणि दारातल्या त्या पाच मिनिटांविषयी मी अवाक्षर काढले नव्हते. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि “ठीक आहे, कामाला लागा” एवढेच म्हणाले.

दुसऱ्या चाचणीच्या अहवालाची स्वच्छ प्रत मी सहीसाठी डिझाइनकडे पाठवली. ती दुसऱ्या दिवशी परत आली. इतके महिने त्यांच्याकडून येणाऱ्या कागदावर सही आणि शिक्का यांखेरीज काही नसे. यावेळी तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते, “वेळ?” पुरवठा तोडल्याची वेळ उतरवून घ्यायची राहून गेली होती. त्या एका शब्दात ‘तू’ही नव्हते आणि ‘तुम्ही’ही नव्हते. मी मूळ तक्त्यात पाहून ‘१ वाजून ४२ मिनिटे’ असे लिहिले आणि कागद त्यांच्याकडे परत पाठवला.