उपास आणि उपाशी

गेल्या महिन्यात मी आमच्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या ताईंना एक चिठ्ठी लिहिली. मला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि दवाखाना आमच्याच रस्त्याला आहे, त्यामुळे नातवाच्या हाती चिठ्ठी पाठवणे मला सोयीचे पडते. त्यांचा निरोप एवढाच आला होता, की ‘शनिवारी सकाळी साडेसात ते साडेदहाच्या दरम्यान ब्लड टेस्टसाठी फास्टिंगमध्ये यावे.’ हा निरोप वाचून घरात तीन माणसांनी तीन अर्थ लावले. नातू म्हणाला की नाश्ता करायचा नाही. सून म्हणाली की पाणीसुद्धा प्यायचे नाही. पत्नीने दिनदर्शिका पाहिली आणि ती म्हणाली, “शुक्रवारी संकष्टी आहे, तुमचा उपास असतोच. तोच शनिवारी सकाळपर्यंत ओढा, आणि फारच भूक लागली तर मी वाटीभर साबुदाण्याची खिचडी करून देते.”

तेव्हा मी लिहिले: ‘ताई, सप्रेम नमस्कार. आपला निरोप मिळाला. फास्टिंगमध्ये या म्हणजे नेमके काय करून यावे, ते कृपया कळवावे. उपासाचे पदार्थ चालतात का? चहा चालतो का? पाणी प्यावे की नाही? रक्तदाबाची सकाळची गोळी घ्यावी की ठेवावी? शुक्रवारी संकष्टी असल्याने माझे जेवण रात्री चंद्रोदयानंतर होईल, तर उपाशी राहण्याचे तास कधीपासून धरावेत? मागच्या वेळी माझ्याकडून चूक झाली होती, म्हणून लेखी विचारत आहे.’

ती मागची चूक आधी सांगितली पाहिजे. त्या वेळी मी सकाळी सात वाजता नेहमीसारखा दोन चमचे साखर घातलेला दुधाचा चहा घेतला आणि आठ वाजता रक्त द्यायला गेलो. सुई हातात घेतलेल्या मुलाने विचारले, “आजोबा, उपाशी आहात ना?” मी अगदी प्रामाणिकपणे “हो” म्हणालो. मराठी माणसाच्या हिशेबात चहा हे खाणे नव्हे. सकाळी चार घरी चहा घेऊन आलेला माणूसही दुपारी “सकाळपासून उपाशी आहे” असे म्हणतो आणि त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. प्रयोगशाळेचा हिशेब मात्र वेगळा असतो. त्या दिवशी माझी उपाशीपोटीची साखर १३१ आली. रिकाम्या पोटी हा आकडा १०० च्या आत असावा, १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पायरी, आणि १२६ किंवा त्याहून जास्त आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासूनही तेवढाच आला तर तो मधुमेह धरतात. अहवाल पाहून डॉक्टरांनी शांतपणे विचारले, “चहा घेतला होता का?” आणि मी ओशाळलो.

एका कपाने एवढे काय होणार, असे मला तेव्हा वाटले होते. मग त्यांनी मला एक साधा गुणाकार करून दाखवला. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. साखर १०० आहे म्हणजे दर शंभर मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज आहे. पाच लिटरचा हिशेब केला तर सगळ्या रक्तात मिळून फक्त पाच ग्रॅम ग्लुकोज भरते, म्हणजे जेमतेम एक चमचा. दोन चमचे साखर आठ-दहा ग्रॅम भरते, आणि तिच्यातली निम्मीच ग्लुकोज म्हणून रक्तात उतरते असे धरले, तरी जवळजवळ तेवढीच भर वरून पडते. शरीर इन्सुलिनच्या मदतीने ती लगेच इकडेतिकडे लावू लागते, म्हणून आकडा दुप्पट होत नाही. पण ज्या तासाभरात ही लावालाव चाललेली असते, नेमक्या त्याच तासात मी बाही वर करून बसलो होतो. रात्रभर काहीही न खाता शरीर आपली साखर कशी सांभाळते, हे पाहायचे होते आणि मी दाखवले ते चहा पचवणारे शरीर.

बिनसाखरेचा कोरा चहा तरी चालावा, असा प्रश्न त्यानंतर मनात येतोच. त्यात साखर नसली तरी कॅफीन असते, आणि तेही काही जणांच्या आकड्यांत ढवळाढवळ करू शकते, म्हणून प्रयोगशाळा सरसकट नको म्हणतात. मला या नियमातला सरसकटपणा आवडला, कारण एकदा ‘थोडासा चालेल’ म्हटले की आमच्या घरात त्या थोड्याचा पेला होतो.

खरा घोटाळा ‘उपास’ या शब्दाचा आहे. आपला उपास म्हणजे काही पदार्थ वर्ज्य करणे आणि काही पदार्थ आवर्जून करणे. एकादशी आणि दुप्पट खाशी, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे. धान्य चालत नाही, पण साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप, रताळी, केळी आणि दूध चालते. प्रयोगशाळेला पदार्थांच्या सोवळ्याशी काही देणेघेणे नाही. तिला फक्त शेवटच्या घासापासूनचे तास हवे असतात. त्या दृष्टीने साबुदाण्याची खिचडी हा तर सगळ्यात वाईट उपास म्हणावा लागेल, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याची साखर झपाट्याने होते, आणि वर दाण्याचा कूट व तूप मिळून स्निग्ध पदार्थांचीही सोय झालेली असते. एका वाटीत साखरेची आणि चरबीची, अशा दोन्ही तपासण्या बिघडवण्याची ताकद आहे. याउलट आपल्या भाषेत एक शब्द अगदी नेमका होता. वैद्याच्या पुडीवर ‘अनशापोटी घ्यावे’ असे लिहिलेले असायचे. सकाळी उठल्यावर पोटात काहीही गेलेले नाही, अशा अवस्थेला अनशापोटी म्हणतात, आणि तिथे खिचडीची वाट कोणी काढत नसे. निरोपात ‘फास्टिंग’ऐवजी हा शब्द असता तर माझी चिठ्ठी निम्मी झाली असती; अर्थात नातवाने तो वाचून आणखी एक चिठ्ठी लिहायला लावली असती, हेही खरे.

ताईंनी माझ्या चिठ्ठीच्या पाठीमागेच उत्तर लिहून पाठवले: ‘काका, शेवटचा घास गिळल्यापासून दहा ते बारा तास. उपासाचे काहीही नाही. चहा, कॉफी, दूध, सरबत नाही. साधे पाणी भरपूर प्या, नाहीतर शीर सापडत नाही. गोळीचे डॉक्टरांना विचारून संध्याकाळी सांगते.’ हे शेवटचे वाक्य मला फार पसंत पडले. संध्याकाळी निरोप आला, की माझी रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घ्यावी. शेजारचे गृहस्थ मधुमेहाच्या गोळ्या घेतात. त्यांना मात्र उपाशीपोटी गोळी घेऊ नका असे बजावले होते, कारण खाण्याशिवाय ती घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणजे एकाच निरोपाचा अर्थ दोन माणसांसाठी दोन होता, आणि तो ज्याचा त्याने विचारल्याशिवाय कळणारा नव्हता.

दहा ते बारा तास कशाला, असे मी डॉक्टरांना नंतर विचारले, कारण साखरेला आठ तास पुरतात हे मला माहीत होते. उरलेले तास चरबीच्या तपासणीसाठी होते. जेवणातले तूप-तेल आतड्यातून रक्तात येते, त्याने ट्रायग्लिसराइड वाढते, आणि ते पुरते उतरायला साखरेपेक्षा जास्त वेळ लागतो. भरपेट जेवून लगेच दिलेल्या रक्तातला वरचा द्रव कधीकधी ताकासारखा पांढुरका दिसतो, आणि नळी पाहूनच तंत्रज्ञ विचारतात की रात्री लग्न होते का. गंमत पुढेच आहे. बऱ्याच प्रयोगशाळा वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, प्रत्यक्ष मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून चांगले कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून ते काढतात. एकूण २१०, चांगले ४२ आणि ट्रायग्लिसराइड १५० असेल तर वजाबाकी १३८ येते. त्याच माणसाचे ट्रायग्लिसराइड जेवणामुळे २५० झाले, तर वजाबाकी ११८ येते. म्हणजे खाऊन गेलेला माणूस साखरेत आजारी दिसतो आणि कोलेस्टेरॉलमध्ये उगीचच सुधारलेला दिसतो. हल्ली चरबीची तपासणी अनेक ठिकाणी न उपाशी राहताही करतात, पण ट्रायग्लिसराइड आधीच जास्त असलेल्या माझ्यासारख्यांना उपाशीच बोलावतात.

संकष्टीचे गणित मी कागदावर मांडले. चंद्रोदय नऊ अठराला, मग आरती, मग नैवेद्य. मोदकाचा शेवटचा घास नऊ पन्नासला संपला. दहा तास सकाळी सात पन्नासला भरत होते आणि बारा तास नऊ पन्नासला. पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे शुक्रवारचा उपास न सोडता तसाच ओढला असता, तर शेवटचे फराळाचे खाणे दुपारी चारचे धरून साडेसतरा तास झाले असते, आणि तेही नको असते. फार ताणलेल्या उपवासात यकृतातला साखरेचा साठा संपत येतो, चरबीही रक्तात जास्त सुटू लागते आणि आकडे नेहमीच्या माणसाचे राहत नाहीत. मी दोन पेले पाणी पिऊन सव्वानऊला पोहोचलो आणि साडेनऊला रक्त दिले, म्हणजे अकरा तास चाळीस मिनिटांनी. शीर पहिल्याच टोचणीत सापडली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला तेव्हा साखर १०४ होती. उंबरठ्यावरची होती, पण माझी स्वतःची होती, चहाची नव्हती.

रक्त देऊन निघताना ताई म्हणाल्या, “आता नाश्ता करा आणि दोन तासांनी पुन्हा या.” मी दारातून परत फिरलो आणि चिठ्ठी न लिहिता तोंडीच विचारले, “दोन तास नाश्ता संपल्यापासून की सुरू केल्यापासून?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पहिल्या घासापासून, काका. पण वाटेत शेवसुद्धा तोंडात टाकू नका, तोही घासच धरतात.” घरी पोहे तयार होते. मी ताट समोर घेऊन घड्याळ पाहिले, दहा वाजून बारा मिनिटे झाली होती, आणि पत्नी म्हणाली, “आता खा तरी, की तेही लिहून विचारायचे आहे?”