चोथा कुठे ठेवायचा?

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक पाहुणे जेवायला आले होते. मूळचे शिमल्याकडचे, नोकरीनिमित्त नुकतेच पुण्यात आलेले. थंडी आणि हिमकण शेवग्याला मानवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या गावाकडे हे झाड नाही आणि शेवग्याच्या शेंगा त्यांनी कधी पाहिल्याही नव्हत्या. आमटीतला बोटभर तुकडा त्यांनी सरळ तोंडात टाकला आणि चावायला सुरुवात केली. त्यांचे चावणे काही संपेना. आम्ही गप्पांत रंगलो होतो, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. पण आईचे लक्ष पाहुण्यांच्या ताटाकडे असते. ती म्हणाली, “अहो, ते गिळायचे नसते हो!” तोवर दोन तुकडे पोटात गेले होते. नंतर त्यांनी अगदी मनापासून विचारले, की ही वस्तू खायची तरी कशी, सबंध की आतला गर तेवढा काढून?

खरे म्हणजे आमच्या घरात या दोन्हींपैकी एकही रीत रोजची नाही. आम्ही तुकडा एका टोकाला धरतो, दुसरे टोक दातांत घेऊन ओढतो, गर आणि रस जिभेवर येतो आणि हातात उरलेला चोथा ताटाच्या कडेला ठेवतो. तुकडा जाड असेल, तर तो आधी बोटांनी उभा उलगडायचा. नीट शिजलेली शेंग बहुतेक वेळा तीन पट्ट्यांत सुटते, कारण तिची घडणच तीन फाकांची आहे. झाडावर वाळून गेलेली शेंगसुद्धा अशीच तीन ठिकाणी उकलते आणि आतून तीन कागदी पंखांच्या बिया बाहेर पडतात. प्रत्येक पट्टीच्या आतल्या बाजूला गराचा थर असतो. तो वरच्या दातांनी खरवडून घ्यायचा. पिकलेल्या आंब्याची फोड खाताना आपण हेच करतो.

पाहुण्यांनी कितीही चावले असते, तरी त्या तुकड्याचे बारीक होणे शक्य नव्हते. शेंगेच्या सालीखाली लांबच लांब तंतूंच्या जुड्या असतात. शेंग जून होत जाते तसे हे तंतू लाकडासारखे घट्ट होतात. शिजवल्याने गर मऊ होतो, कारण त्याच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा चिकट भाग पाण्यात ढिला पडतो. तंतूंवर मात्र पाण्याचा आणि वाफेचा काही परिणाम होत नाही. म्हणूनच गर आणि चोथा हे अंतर शिजल्यावर अधिक स्पष्ट होते. कच्च्या शेंगेत ते हाताला लागतसुद्धा नाही.

याला अपवाद आहे, आणि तो ज्यांच्या परसात झाड आहे त्यांनाच ठाऊक असतो. फूल गळून शेंग जेमतेम पेन्सिलीइतकी, किंबहुना तिच्याहूनही बारीक असते, तेव्हा ती अख्खी खाता येते. माझ्या आजोळी झाडाला वारा लागला, की शेवग्याची ठिसूळ फांदी हमखास मोडायची आणि तिच्याबरोबर अशा कोवळ्या शेंगांचा झुपका खाली यायचा. आजी त्या फरसबीसारख्या चिरून, हिंग-मोहरीच्या फोडणीवर परतून, वर ओले खोबरे घालून त्यांची भाजी करायची. एकही धागा दाताखाली येत नसे. बाजारात मात्र अशी शेंग दिसत नाही आणि ते साहजिकच आहे. तिला वजन नसते, ती लगेच सुकते आणि थोडे दिवस थांबले, तर त्याच शेंगेचे चौपट पैसे होतात. त्यामुळे विकत घेणाऱ्याने अख्खी शेंग खाण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

विकत घेताना फक्त गराचा विचार करावा. शेंग दोन्ही हातांत धरून हलकेच पिळावी. ताजी शेंग लवचीक असते आणि थोडी वळते. जून शेंग कोरड्या काठीसारखी हाताला विरोध करते. दुसरी खूण बियांची. सालीवरून बियांचे उंचवटे ठळक दिसू लागले, तर आतला गर पांढरा आणि कापसासारखा होत चालला आहे असे समजावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोकण रुचिरा’ किंवा तमिळनाडूतल्या पेरियाकुलमचे ‘पीकेएम-१’ हे वाण सर्वांच्या परिचयाचे असले, तरी भाजीवाल्याकडे नावाची चौकशी करून उपयोग होत नाही. पिळून पाहणेच बरे.

शिजवण्यातली माझी चूक मी एकदाच केली. घाईच्या दिवशी डाळीबरोबरच शेंगा कुकरमध्ये टाकल्या आणि तीन शिट्ट्या केल्या. झाकण उघडले तेव्हा शेंगा नव्हत्याच. डाळीत सगळीकडे सुटे धागे पसरले होते आणि प्रत्येक घासाला ते बोटाने काढावे लागत होते. तेव्हापासून शेंगा चिरून, वरचा शीर ओढून काढून, मीठ घातलेल्या पाण्यात वेगळ्या उकळते आणि आमटीत शेवटी सोडते. साल पूर्ण सोलण्याचा उत्साहही आवरावा, कारण तीच तर तुकड्याला धरून ठेवते. दहा-बारा मिनिटांनी तुकडा चिमटीत दाबला असता मधोमध उघडला, की तो झाला. त्याआधी काढला, तर गर सालीला चिकटून राहतो आणि दात हकनाक दुखतात.

दातांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण आमच्याकडे गर काढण्याची रीत आली ती त्यांच्यामुळेच. दोन वर्षांपूर्वी आईला कवळी बसली आणि शेंग ओढताना वरची कवळी शेंगेबरोबर निघून यायला लागली. चारचौघांत तर ती शेंगांना हातच लावेना. तेव्हापासून मी तिच्यासाठी गर काढून पिठले करते. परवाचाच हिशेब सांगते. आठ मध्यम शेंगा उकडल्या, प्रत्येक तुकडा सुरीने उभा चिरून पुस्तकासारखा उघडला आणि चमच्याच्या कडेने, तंतूंच्या दिशेनेच, हलक्या हाताने खरवडला. आडवा चमचा चालवला, की धागे सुटून गरात येतात आणि मग तो चाळणीतून घासून काढावा लागतो. कोवळ्या बिया गरातच राहू दिल्या; ज्या नखाने दबत नव्हत्या त्या वेचून टाकल्या. एवढ्या खटाटोपानंतर जेमतेम एक वाटी गर मिळाला. लसूण-मिरचीच्या फोडणीवर तो परतून, त्यात उकडलेल्या शेंगांचेच पाणी घालून बेसन लावले. पिठले छान झाले आणि आईने दोनदा घेतले.

मला विचाराल, तर चमच्याने काढलेला गर चवीला थोडा उणाच वाटतो. सालीला अगदी लागून असलेला हिरवट थर सर्वांत चवदार असतो आणि नेमका तोच चमच्याला सापडत नाही, दातांना सापडतो. परवा पिठले झाकून ठेवल्यावर ओट्यावर खरवडलेल्या सालींचा ढीग पडला होता. त्या केराच्या डब्यात टाकायला उचलल्या आणि उभ्या उभ्याच एक तोंडात घातली, मग दुसरी. शेवटच्या सालीपर्यंत पोहोचले, तेव्हा मागून आईचा आवाज आला, “एकटीच काय चोखते आहेस गं?”