साहेब रजेबद्दल विचारत होते

आज सकाळी साहेबांनी केबिनच्या दारातूनच बँकेत माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारिणीला विचारले, "मॅडम, तुमच्या रजा शिल्लक..." आणि वाक्य पुरे होण्याआधीच ती म्हणाली, "हो सर, करते." सगळे हसले. तीही हसली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळून व्हाउचर पास करू लागली. साहेबांचा फोन वाजला, त्यामुळे आपल्याला उत्तर मिळालेलेच नाही हे त्यांच्याही लक्षात आले नाही. मी हसले नाही असे म्हणणार नाही, परंतु त्यानंतर दिवसभर ते हसू मला टोचत राहिले.

तिचा होकार इतक्या लवकर येत नसे. नवे काम सांगितले की ती आधी विचारायची, कधीपर्यंत हवे, कोणत्या नमुन्यात हवे, मागच्या वेळच्या फाइल कुठे आहेत. आणि बऱ्याचदा त्या कामात दोन पायऱ्या कमी कशा करता येतील हेही सुचवायची. आता प्रश्न नाहीत आणि सूचनाही नाहीत. समोरचा बोलायला लागला की जे येणार ते कामच असणार, असे गृहीत धरून ती ते झेलून मोकळी होते. होकार देणे तिला विचार करण्यापेक्षा स्वस्त पडू लागले आहे. हे आज मी लिहिते आहे, पण दिवाळीनंतर कधीतरी हे बदलले असावे.

संध्याकाळी ह्यांना सांगितले तर हे म्हणाले, "मार्च जवळ आला की तुमच्याकडे सगळेच असे वागतात." ते खरेच आहे. म्हणूनच मी जेवण झाल्यावर बसून विचार केला की मार्चचा थकवा आणि हे यांत फरक कोणता. थकलेला माणूस चिडतो, कामे टाळतो, आणि दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारला जोडून रविवार मिळाला की सोमवारी बराच सावरलेला असतो. ती टाळत नाही, चिडतही नाही, आणि तिचा सोमवार तिच्या शुक्रवारसारखाच असतो. शिवाय गेल्या दोन्ही सुट्ट्यांत तिला ताप होता, असे तिनेच डबा खाताना सांगितले, ते अशा सुरात की जणू ताप सुट्टीच्या दिवशी आला ही सोयच झाली.

गोंधळ होतो तो तिच्या कामाकडे पाहिल्यामुळे. काम तर पूर्वीइतकेच चोख आहे. किंबहुना अधिक चोख आहे, आणि तिथेच काहीतरी बिघडले आहे असे आता मला वाटते. पूर्वी ती व्हाउचरवरची सही, खाते क्रमांक आणि अक्षरी रक्कम एका नजरेत पाहून पास करायची. आता पास केलेली नोंद ती पुन्हा उघडते, आरटीजीएसचा खाते क्रमांक बोटाने एकेक आकडा मोजत वाचते, आणि डे-एंड झाल्यावर दिवसभराचा पासिंगचा अहवाल काढून आणखी एकदा पाहते. बाहेरून पाहणाऱ्याला ही दक्षता वाटते, आणि साहेबांनी मागच्या बैठकीत तिचे त्याबद्दल कौतुकही केले. मला वाटते, तिचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास उडत चालला आहे आणि ती तो वेळ घालून भरून काढते आहे. चुका वाढत नाहीत, पण चूक न होण्याची किंमत वाढते आहे, आणि ती किंमत झोपेतून आणि घरातून जाते, जिथले कुठलेही रजिस्टर शाखेत नसते.

दुसरी गोष्ट लिहायला मला जड जाते. पैसे काढण्याची स्लिप भरता न येणाऱ्या आजीबाईंसाठी काउंटर सोडून बाहेर येणारी ती, परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाली, "काका, मागच्या वेळीही सांगितलं होतं ना." शब्द साधेच होते. ते गेल्यावर मात्र ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "या लोकांना कितीही सांगा." या लोकांना! तिच्या तोंडी हे मी प्रथमच ऐकले.

रात्री थोडे वाचले. 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने बर्नआउटबद्दल प्रथम सविस्तर लिहिले, आणि तेव्हाच त्यांनी नोंदवले होते की जे समर्पित वृत्तीने काम करतात तेच यात अधिक सापडतात. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याचे तीन भाग सांगितले: शक्ती संपणे, कामापासून व माणसांपासून मनाने दूर होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हे तिन्ही आळीपाळीने, सौम्य रूपात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये याला कामाशी निगडित स्थिती म्हटले, आजार म्हटले नाही. ते मला बरे वाटले आणि त्याच वेळी जरा भीतीही वाटली, कारण अशी थकलेली बाई थायरॉइडची किंवा कमी हिमोग्लोबिनचीही असू शकते, आणि घरी, मुलांत, सणावारातही मन लागत नसेल तर तो प्रश्न शाखेने सोडवायचा नाही, डॉक्टरांकडे न्यायचा. रक्त तपासून घे, एवढे तरी तिला उद्या सांगायचे.

आणि ती काय म्हणेल? "हो मॅडम, करते."

खरे सांगायचे तर मला याच गोष्टीचे वाईट वाटते आहे. इतकी वर्षे एका टेबलावर डबा उघडतो. तिच्या सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मला ठाऊक, माझ्या घरचे सगळे तिला ठाऊक. तरीही मला मिळणारा होकार तोच, जो साहेबांना मिळतो आणि मुख्य कार्यालयातून फोन करणाऱ्या कुणालाही मिळतो. मला वाटले होते की निदान माझ्यापाशी ती "नाही हो, होत नाही" म्हणेल. मग वाटले, मला तरी कोणी विचारते का? मी सात वाजता निघते तेव्हा ती अजून बसलेली असते, आणि साहेब मला म्हणतात, "मॅडम, आज लवकर?" हा विचार बराच वेळ चालला. स्वतःचीच कीव करत बसण्याचा हा कार्यक्रम संपवून मी शेवटी दुपारी शाखेत केलेला कागद पुन्हा समोर घेतला, कारण मला बोलण्यापेक्षा ताळेबंद अधिक समजतो.

तिच्याकडे आदेशाने असलेले काम एकच, पासिंग. बाकी सारे "तात्पुरते" आले आहे. रोखपाल मॅडम प्रसूती रजेवर गेल्या तेव्हा तिजोरीची दुसरी चावी आली. केवायसी अद्ययावत करायची यादी आली, कारण तपासणीत शेरा आला होता. एटीएममध्ये रोकड भरणे आले, परत आलेल्या धनादेशांची पत्रे आली, आणि वार्षिक सभेच्या निमंत्रणांचे पत्ते तपासणे आले. यांपैकी एकही परत गेलेले नाही. केवायसीचे एक खाते म्हणजे फोन करणे, माणूस येणे, कागद स्कॅन करणे आणि नोंद भरणे मिळून दहा-बारा मिनिटे; दिवसाला पंधरा खाती धरली तर तीन तास होतात. साडेदहा ते साडेचार पासिंग सोडून तिला हलता येत नाही, म्हणजे ते तीन तास पाचनंतरच सुरू होतात. ती आठ वाजता का निघते, हे कोडे नाहीच, साधी बेरीज आहे.

चावीचे प्रकरण सर्वांत वाईट आहे. दुहेरी ताबा असल्यामुळे दोन्ही चाव्यांशिवाय तिजोरी उघडत नाही, म्हणून तिला सकाळी सर्वांत आधी यावे लागते आणि रोकड आत गेल्याशिवाय निघता येत नाही. मी दुपारी चावी रजिस्टर चाळले. चावी सोपवल्याच्या नोंदी सप्टेंबरनंतर नाहीतच. त्यानंतर तिने किरकोळ रजासुद्धा घेतलेली नाही, आणि जानेवारीत अंगात ताप असताना ती केवळ तिजोरी उघडायला आली होती, हे मला आज त्या रिकाम्या पानांवरून आठवले.

गंमत अशी की यावरचा उपाय नियमांतच आहे. संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान 10 कामकाजाच्या दिवसांची रजा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये सांगितले. हेतू फसवणूक उघडकीस आणण्याचा आहे, कारण घोटाळा लपवणाऱ्याला जागेवरून हलता येत नाही. पण कामाच्या ओझ्याखाली दबलेल्यालाही हलता येत नाही, आणि दोघांची हजेरीपत्रके दिसायला सारखीच असतात. त्या दिवसांत प्रणालीत प्रवेश नसतो, म्हणजे ती घरून "एकदा बघते" म्हणू शकणार नाही. माझी एकच चिंता आहे. असा आदेश अचानक हातात पडला तर तिला वाटेल की आपल्यावर संशय आहे, आणि ती दहाही दिवस आपली जुनी व्हाउचर मनात तपासत बसेल. तेव्हा आदेशाआधी कोणीतरी तिच्याशी बोललेले असले पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे मीच, हे उघड आहे.

संध्याकाळी निघताना कागद साहेबांना दाखवला होता. त्यांनी तो नीट वाचला, हे कबूल केले पाहिजे. "हिला मदतीला एक मुलगा देऊ," असे त्यांचे पहिले मत होते. मी म्हटले, मदतनीस दिला तर त्याचे कामही तीच तपासेल आणि तिचा एक तास वाढेल. काम पूर्ण काढायचे, दुसऱ्याच्या नावावर लेखी चढवायचे, आणि त्यातल्या चुकीची जबाबदारीही त्याच्याकडेच ठेवायची. केवायसीची यादी सोमवारपासून कर्ज विभागातल्या लिपिकाकडे जाईल, एवढे त्यांनी मान्य केले. चावी मात्र एप्रिलपर्यंत नाही, आणि रजेचे मार्चनंतर बघू. मी काही बोलले नाही. तिला मी माझ्या जिवाभावाची समजते आणि ती मला वरिष्ठ समजते, हे आता मला खुपत नाही असे नाही, पण वरिष्ठ असण्याचा उपयोग तरी करावा.

पुढचे दोन सोमवार पाहायचे आहेत. ती लिपिकाने केलेली खाती पुन्हा उघडून बघते का, आणि साडेसहाच्या आत निघते का. ती उघडून बघत असेल तर यादी कागदावर गेली आणि डोक्यात राहिली असे समजायचे, आणि मग साहेबांना सांगून त्या मेनूचा तिचा प्रवेशच बंद करून घ्यायचा. चावीबद्दल बुधवारी पुन्हा विचारणार आहे. त्या दिवशी लेखापरीक्षक येणार नाहीत, त्यामुळे साहेबांना बसून ऐकायला वेळ असेल.